दिवाळीची माळ शेवटच्या दोन झोलांना कमी का पडते

इमारतीच्या दर्शनी बाजूला दिव्यांची माळ लावताना दरवर्षी ठरलेली तक्रार येते: मोजमाप नीट घेतलं होतं, वर एक माळ जास्त आणली होती, तरी शेवटचे दोन झोल राहिलेच. मग कोणीतरी आधीचे झोल ओढून उथळ करतो, डावी बाजू भरगच्च आणि उजवी चपटी दिसते, आणि रात्री आठला दुकानात उरलेली एकुलती एक माळ वेगळ्याच रंगाची मिळते. पुढच्या वर्षी दोन माळा वाढवल्या तर कधी पुरतात, कधी सहा मीटर उरतात. अंदाजात माळा वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण चूक मोजपट्टीची नसते. आपण भिंत मोजतो आणि माळ मात्र भिंतीवरून जात नाही.

आधी माळ कुठे कमी पडली ते पाहा, कारण जागेवरून कारण कळतं. सरळ कडा पूर्ण झाल्या आणि झोलांच्या ओळीच्या शेवटी माळ संपली, तर झोलाची खोली हिशेबात धरलेली नाही. सगळ्या ओळी थोड्याथोड्या कमी पडल्या, तर बाल्कनीचे आतबाहेर वळणारे कोपरे सुटले आहेत. माळ टोकापर्यंत पोचली पण शेवटचा अर्धा-पाऊण मीटर काळोख राहिला, तर खोक्यावरची लांबी आणि प्रत्यक्ष उजळणारी लांबी यांतला फरक लक्षात आलेला नाही. बहुतेक इमारतींत तिन्ही चुका एकदमच असतात, म्हणून एक दुरुस्त करूनही पुढच्या वर्षी थोडी माळ कमीच पडते.

झोल किती माळ खातो

दोन हुकांमधल्या अंतराला इथे खण म्हणू आणि मधोमध माळ जितकी खाली येते तिला झोलाची खोली. माळ किती जास्त लागणार हे फक्त या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. नुसती लोंबणारी माळ साखळीसारखा बाक घेते आणि त्या बाकाची लांबी अशी येते:

| झोलाची खोली | खणाच्या तुलनेत माळ |
|---|---|
| खणाच्या सहाव्या भागाइतकी | ७ टक्के जास्त |
| पाचव्या भागाइतकी | १० टक्के जास्त |
| चौथ्या भागाइतकी | १५ टक्के जास्त |
| तिसऱ्या भागाइतकी | २५ टक्के जास्त |
| निम्म्याइतकी | ५० टक्के जास्त |

या आकड्यांचा चढ बघा. खोली सहाव्या भागावरून तिसऱ्या भागावर नेली, म्हणजे फक्त दुप्पट केली, तर जादा माळ ७ वरून २५ टक्क्यांवर जाते. उथळ झोलात "थोडी जास्त घेऊ" हा अंदाज चालून जातो, खोल झोलात तोच अंदाज फसतो. मागच्या वर्षी पुरलेल्या तेवढ्याच माळा यंदा कमी पडण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं: लावणारा माणूस बदलला आणि त्याच्या हाताने झोल चार बोटं जास्त सोडला.

दुसरी गोष्ट सहसा उलटी समजली जाते. झोल जास्त केले की माळ जास्त लागते असं वाटतं, पण प्रमाण तेच ठेवलं तर संख्येने काही फरक पडत नाही. १२ मीटरच्या कठड्यावर दीड मीटरचे आठ खण आणि ५० सेंटिमीटर खोली घ्या, किंवा १ मीटरचे बारा खण आणि ३३ सेंटिमीटर खोली घ्या, दोन्हीकडे १५ मीटरच माळ लागेल. घोटाळा होतो तो खोली तीच ठेवून खण अरुंद केल्यावर. खोली ४५ सेंटिमीटर कायम ठेवली तर आठ खणांना साधारण साडेचौदा मीटर लागते आणि बारा खणांना १७ मीटर. "हूक जवळजवळ मारले, झोल छान दिसतील" असं म्हणणाऱ्याने एका ओळीत अडीच मीटर माळ न कळत वाढवलेली असते.

कोष्टकावर विश्वास नसेल तर जमिनीवर एक झोल करून पाहा. दोन खुर्च्यांच्या पाठी दीड मीटरवर ठेवा, सुतळी हवी तितकी सोडा, दोन्ही गाठींना खूण करा आणि सुतळी सरळ करून मोजा. मात्र अंतर मोजताना एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत मोजा, खुर्चीच्या बाहेरच्या कडेपासून नको. आणि दोन्ही हूक एकाच उंचीवर असायला हवेत. जिन्याच्या तिरक्या कठड्यावर हा हिशेब जसाच्या तसा बसत नाही. तिथे सुतळीच खरी.

खोक्यावरचे दहा मीटर

"१० मीटर" लिहिलेल्या माळेत पिनेपासून पहिल्या बल्बपर्यंतची कोरी वायर धरलेली असते, आणि मागे सॉकेट असेल तर शेवटच्या बल्बनंतरची शेपटीही. म्हणून आणलेल्यांपैकी एक माळ उलगडून पहिल्या बल्बपासून शेवटच्या बल्बपर्यंत मोजा आणि बल्बही मोजा. पुढच्या उदाहरणातल्या माळेत ९३ बल्ब आहेत, दर १० सेंटिमीटरला एक. म्हणजे मध्ये ९२ अंतरं, अर्थात ९.२ मीटर उजळणारी लांबी. उरलेली ८० सेंटिमीटर कोरी वायर दोन माळांच्या जोडावर येते. ती दुमडून हुकामागे लपवायची असते, मापात धरायची नसते.

बाजारात लांबी कधी फुटांत सांगतात, कधी मीटरमध्ये. ४० फूट म्हणजे १२.२ मीटर. सुताराची पट्टी फुटांची, खोकं मीटरचं, आणि हिशेब फोनवर तोंडी, अशी गल्लत अगदी नेहमीची. एकच एकक ठरवा आणि कागदावर लिहा.

एक इमारत पूर्ण हिशेबासह

तळमजला आणि वर तीन मजले. दर्शनी भाग १२ मीटर रुंद. प्रत्येक मजला ३ मीटर आणि गच्चीचा कठडा १ मीटर, म्हणजे कठड्याच्या माथ्यापर्यंत १३ मीटर उंची. पहिल्या मजल्यावर प्रत्येकी ३ मीटर रुंदीच्या दोन बाल्कन्या, भिंतीपासून १.२ मीटर पुढे आलेल्या. हवं ते असं: दोन्ही उभ्या कडा आणि कठड्याची वरची कड सरळ माळेने आखायची, कठड्यावर त्या वरच्या कडेखाली झोलांची एक ओळ, आणि पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या कडेने, बाल्कन्यांना वळसा घालून, दुसरी ओळ.

उभ्या कडा जमिनीपासून अडीच मीटरवर थांबवायच्या. त्याखाली माळ मुलांच्या हाताला आणि गाड्यांना लागते. म्हणून प्रत्येक कड साडेदहा मीटर. उंची मजले मोजून धरू नका. कठडा आणि पार्किंगची वेगळी उंची त्यात हमखास सुटते. गच्चीवरून ओळंबा बांधलेली सुतळी सोडा, कठड्याच्या माथ्याशी गाठ मारा, वर ओढून जमिनीवर मोजा.

नेहमीचा हिशेब असा होतो: कड १०.५ अधिक १२ अधिक १०.५, म्हणजे ३३. झोलांच्या दोन ओळी बारा-बारा, म्हणजे २४. एकूण ५७ मीटर, दहा मीटरच्या सहा माळा, वर तीन मीटर शिल्लक. सगळे खूश.

आता खरा हिशेब. सरळ कडांना २ टक्के जादा धरायचे, कारण दोन प्लास्टिक टायांमध्ये माळ थोडी लोंबते आणि कोपऱ्यावर वळसा खाते. ३३ चे जवळपास ३४ झाले. कठड्याखाली तिसऱ्या भागाइतका झोल हवा असेल तर १२ चे १५. पहिल्या मजल्याच्या ओळीत बाल्कन्यांच्या चार बाजू १.२ मीटरच्या, म्हणजे ४.८ मीटर वाढले. ओळ झाली १६.८ मीटरची आणि त्याच प्रमाणाच्या झोलासह २१ मीटर. बेरीज ७०. हातात असलेल्या सहा माळांची उजळणारी लांबी ५५.२ मीटर. जवळजवळ १५ मीटर कमी, आणि ती सगळी तूट शेवटी लावलेल्या ओळीच्या वाट्याला येते.

पण "७० भागिले ९.२, म्हणजे आठ माळा" असंही म्हणता येत नाही. या माळा कापता येत नाहीत आणि एका ओळीचा उरलेला तुकडा दुसऱ्या ओळीला देता येत नाही. प्रत्येक ओळीच्या माळा स्वतंत्र मोजाव्या लागतात: कडेला चार, कठड्याच्या झोलांना दोन, बाल्कनीच्या ओळीला २१ मीटरसाठी तीन. नऊ झाल्या, आणि बाल्कनीच्या तिसऱ्या माळेचा बहुतेक भाग वाया.

इथे हिशेब उलटा फिरवायचा असतो. आधी झोल ठरवून माळ आणण्याऐवजी पूर्ण माळांची संख्या ठरवा आणि तिच्यावरून झोल काढा.

कठड्याखाली दोन माळा, म्हणजे १८.४ मीटर. १२ मीटरला १५ लागणार होते, मग तीन मीटर उरतात. ते गुंडाळून ठेवण्यापेक्षा झोल निम्म्या खणापर्यंत नेला तर १८ मीटर संपतात. दीड मीटरच्या खणात झोल साधारण पाऊण मीटर. कठडा १ मीटरचा आहे, त्यामुळे हे झोल तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवर येत नाहीत. कठडा ६० सेंटिमीटरचा असता तर हे जमलं नसतं.

बाल्कनीच्या ओळीला तीनऐवजी दोनच माळा. १८.४ मीटरमध्ये १६.८ मीटरची ओळ बसवायची तर जास्तीत जास्त ९ टक्के वाढ परवडते. कोष्टकातला पाचवा भाग १० टक्के मागतो, म्हणून तो नाही. सहावा भाग चालेल, दीड मीटरला २५ सेंटिमीटर. खालच्या ओळीला उथळ झोल दिसायलाही बरा, कारण तो जवळून पाहिला जातो आणि ये-जा करणाऱ्यांच्या डोक्यावर फार उतरत नाही.

एकूण आठ माळा, आणि कुठेही मोठा तुकडा उरत नाही.

मीटर सोडा, बल्ब मोजा

झोल लहान-मोठे होण्यावर सगळ्यात सोपा इलाज म्हणजे शिडीवरच्या माणसाला मीटर न सांगता बल्ब सांगणे. कठड्याच्या ओळीत दर खणाला २३ बल्ब द्या. आठ खणांना १८४ लागतात, दोन माळांत १८६ आहेत. पहिली माळ ९३ बल्बांची, म्हणजे चार खण पुरे होऊन एक बल्ब उरतो आणि जोड नेमका मधल्या हुकावर येतो. तिथेच कोरी वायर दुमडून टायने बांधली की खालून काही दिसत नाही. झोल साधारण ७८ सेंटिमीटर येईल. हुकाभोवती वळसा घेतल्यावर प्रत्यक्षात ७५ च्या आसपास.

बाल्कनीच्या ओळीत समोरच्या दीड मीटरच्या आठ खणांना १६ बल्ब आणि बाजूच्या १.२ मीटरच्या चार खणांना १३. बेरीज १८०. लहान खणाला कमी बल्ब दिल्यामुळे सगळे झोल २२ ते २४ सेंटिमीटरमध्ये येतात आणि खालची रेघ एका पातळीत दिसते. सगळीकडे सरसकट १६ दिले असते तर बाजूचे झोल समोरच्यांपेक्षा बरेच खोल लोंबले असते, आणि बाल्कनीचे कोपरे ओघळल्यासारखे दिसले असते. ओळीचा मध्य ९० बल्बांवर येतो, त्यामुळे पहिल्या माळेचे शेवटचे तीन बल्ब मधल्या हुकामागे दुमडा आणि दुसरी माळ तिथूनच सुरू करा. शेवटीही तीनच उरतील.

बल्ब मोजूनही मधले झोल खोल दिसत असतील तर हूक सरकलेत का ते पाहा. कठड्याच्या बाहेर हूक मारायचे नाहीत म्हणून अनेकजण एक नायलॉन दोरी ताणून तिला झोल बांधतात. १२ मीटरची दोरी दोन टोकांनाच बांधली तर ती स्वतः लोंबते आणि मधले झोल अर्धा वीत खाली जातात. दोरीला दर तीन मीटरला कठड्याच्या आतून आधार द्या. चिकटवायचे हूक जुन्या, पावडर सुटणाऱ्या रंगावर रात्रभरसुद्धा टिकत नाहीत. एक हूक सुटला की दोन खणांचा मिळून एक मोठा झोल होतो आणि माळ तुटल्यासारखी दिसते.

कड कुठून सुरू करायची

डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करून उजवीकडे खाली संपवली तर चार माळा एकामागे एक जोडाव्या लागतात. किती माळा सलग जोडता येतात हे खोक्यावर लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर जोडूच नका, वेगळ्या बोर्डावरून द्या. विजेची जोडणी गच्चीवर मधोमध घ्यावी. तिथून डावीकडे ६ मीटर कठडा आणि साडेदहा मीटर उभी कड, साडेसोळा मीटर, २ टक्के धरून १६.८. दोन माळांत १८.४ आहेत, दीड मीटर उरतो. हा दीड मीटर खाली सोडू नका. माळ गच्चीच्या आतल्या बाजूने, कठड्याच्या पायथ्यापासून सुरू करा. कठडा चढण्यातच एक मीटर जातो. उजवीकडेही हेच. दोन्ही बाजू सारख्या संपतात आणि पुढच्या भिंतीवर विजेची वायर लोंबत नाही.

उभी माळ स्वतःच्या वजनावर कधीच सोडू नका. दहा मीटरचं वजन वरच्या दोन-तीन बल्बांच्या पातळ वायरवर येतं आणि दोन-तीन दिवसांत तिथेच ती तुटते. गच्चीवर नायलॉनची दोरी ताणून धरा, ताणलेल्या अवस्थेत दर ३० सेंटिमीटरला माळ तिला प्लास्टिक टायने बांधा, मग दोरी खाली सोडून खालचं टोक अडकवा. दोरी ढिली असताना बांधली तर लटकल्यावर ती लांबते, माळ लांबत नाही, आणि सगळा भार पुन्हा माळेवर येतो. टायऐवजी बांधकामाची तार वापरू नका. ती वाऱ्यात घासून आवरण कापते, आणि ग्रिल लोखंडी असेल तर ग्रिलमध्ये वीज उतरू शकते. माळांचा बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागे असावा आणि दिवाळीच्या अवकाळी पावसाचा विचार करून आडोशाला ठेवावा.

उरलेली माळ कापली तर

थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या माळेत छोटे बल्ब गटागटाने एकामागे एक जोडलेले असतात आणि दाब त्यांच्यात वाटला जातो. मधून कापली तर तो गट विझतो आणि कापलेल्या टोकाशी चालू वीज उघडी राहते. कापून उरलेली टोकं परत जोडली तर कमी बल्बांना तोच दाब मिळतो, ते काही वेळ झगमगतात आणि जळतात. "परवा कापली तेव्हा चांगली चालत होती" ही तक्रार त्यातूनच येते. दर मीटरला कापायची खूण असलेली रोलची पट्टी मिळते, ती मात्र त्या खुणेवर कापता येते; टोकाला टोपी आणि सिलिकॉन लावायचं. सरळ कडा त्या पट्टीने केल्या तर वरचा पूर्ण माळांचा हिशेब फक्त झोलांपुरता करावा लागतो. झोलांसाठी ती पट्टी घेऊ नये. ती कडक असल्यामुळे बाक गोल येत नाही, हुकापाशी कोन पडतो, आणि तिचा झोल वरच्या कोष्टकाशी जुळत नाही.

अडॅप्टरवरच्या कमी व्होल्टच्या माळेत शेवटचे झोल मंद दिसत असतील तर लांबीचा हिशेब बरोबर आहे. लांब वायरीत विजेचा दाब कमी होतोय. तिला दोन्ही टोकांनी वीज द्यायची किंवा दोन अडॅप्टरांवर विभागायची, नवीन माळ आणून उपयोग नाही.

काढताना प्रत्येक माळेच्या पिनेला कागदाची चिठ्ठी लावा: कठडा डावा, २३ बल्ब; बाल्कनी उजवी, १६ आणि १३. हूक तसेच राहणार असतील तर पुढच्या दिवाळीत मोजपट्टी काढायचीही गरज नाही.